सहा की आठ?

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "सर, नमस्कार. तुमचा नंबर तुमच्या एका विद्यार्थिनीने दिला. लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यातून पुण्यात हडपसरला आले. मतदार यादीत नाव अजून माहेरच्या गावी आहे, आडनावही बदललंय. इथं सहा नंबरचा फॉर्म भरू का? लाइट बिल सासूबाईंच्या नावावर आहे."

शिक्षकाच्या नोकरीत मी कितीतरी वर्षं बीएलओ होतो. घरोघर फिरून हे फॉर्म भरून घेतलेले. म्हणून हात सरळ चालू झाला, "हो, सहाच भरा," एवढं टाइपही केलं. पाठवायच्या आधी थांबलो.

माझ्या काळात ते उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या विधानसभा मतदारसंघात राहायला गेलेल्या मतदारानं सहा नंबर भरायचा आणि त्याच मतदारसंघात घर बदललं तर आठ-अ, असंच आम्ही सांगायचो. १ ऑगस्ट २०२२ पासून हे बदललं. सहा नंबर आता फक्त नव्यानं नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. पत्ता कुठूनही कुठेही बदलला तरी आठ नंबर, आणि आठ-अ बंद झाला.

हा नुसता आकड्याचा फरक नाही. सहा नंबरवर सही करताना आपलं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही असं लिहून द्यावं लागतं. हिचं नाव तर माहेरच्या यादीत होतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ नुसार खोट्या प्रतिज्ञापनाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या एका सवयीच्या वाक्यानं एक सरळ बाई त्या कागदावर सही करून बसली असती.

टाइप केलेलं पुसलं. कोरा आठ नंबर उघडून पहिल्या ओळीपासून वाचला आणि मग लिहायला बसलो.

"ताई, सहा नंबर भरू नका. आधी मतदार कार्डावरचा नंबर, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, `electoralsearch.eci.gov.in` वर टाकून बघा. हातात कार्ड असलं म्हणजे यादीत नाव असतंच असं नाही. नाव दिसलं तर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत लिहून ठेवा. दिसलंच नाही तर पुढचं काही करू नका, मला कळवा, कारण मग उत्तरच बदलेल.

नाव दिसलं तर `voters.eci.gov.in` वर आठ नंबर उघडा. सुरुवातीलाच अर्ज कशासाठी ते विचारतात: राहण्याचं ठिकाण बदललं, नोंदीत दुरुस्ती, दुसरं कार्ड वगैरे. त्यातलं एकच निवडायचं असतं. तुम्ही ठिकाणबदल निवडा. आडनावाची दुरुस्ती याच अर्जात घुसवू नका. नवीन पत्त्यावर नाव आलं की तिच्यासाठी वेगळा आठ नंबर भरा.

पत्त्याच्या पुराव्याला तुमच्या स्वतःच्या नावाचं, हडपसरचा पत्ता असलेलं आधार किंवा बँकेचं चालू पासबुक असेल तर तेच जोडा. सासूबाईंच्या नावाचं बिल चालेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढाच कागद असेल तर आधी तिथल्या बीएलओला विचारा. अर्ज पाठवल्यावर येणारा संदर्भ क्रमांक जपा. अर्जाला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका.

मी आता या कामावर नाही. नियम माझ्यानंतर बदललेत, पुन्हा बदलू शकतात. म्हणून सही करण्याआधी अर्जावरच्या सूचना आणि खालचं प्रतिज्ञापन स्वतः वाचा. मी सांगितलेलं आणि तिथं छापलेलं जुळलं नाही तर छापलेलं धरा आणि १९५० या हेल्पलाइनवर विचारून घ्या."

शेवटचा परिच्छेद लिहावा की नाही, यावर मी बराच वेळ घालवला होता. ऐकणाऱ्याला वाटतं, याला नक्की माहीत नाही. पण बीएलओ असताना मी एक गोष्ट सतत पाहिली. लोक प्रतिज्ञापन न वाचता "कुठं सही करू?" एवढंच विचारतात आणि सांगणाऱ्याच्या बोटाखाली सही करतात. हिनं माझं बोट पाहू नये, मजकूर पाहावा, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. नाव सापडलं होतं. आधारवर पत्ता मात्र अजून माहेरचाच होता, पासबुकावर हडपसरचा. तिनं पासबुक जोडलं. काही दिवसांनी बीएलओ येऊन चौकशी करून गेल्या.

अर्ज मंजूर झाल्याचं तिनं कळवलं, तेव्हा मी पुन्हा तोच कार्ड नंबर टाकून बघायला सांगितलं. ठिकाण बदललं तरी कार्डाचा नंबर तोच राहतो, त्यामुळे पडताळा सोपा असतो. एकच नोंद आली: मतदारसंघ हडपसर, मतदान केंद्र घरापासून दोन गल्ल्यांवरची शाळा. आडनाव अजून माहेरचंच होतं.

"आता दुसरा आठ नंबर भरते," तिनं लिहिलं. "या वेळी प्रतिज्ञापन आधी वाचलंय."