लिलावात उरलेला पैसा कर्जदाराचाच

सोनेतारण कर्ज थकून दागिन्यांचा लिलाव झाला की 'सोने गेले' म्हणून माणसे कागद बाजूला सारतात. मला हे मान्य नाही. तारण ठेवल्याने दागिन्याची मालकी बदलत नाही. कर्ज देणाऱ्याला फक्त आपले येणे वसूल करण्याचा हक्क मिळतो. भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊनच तारण विकता येते आणि येणे वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराला द्यावी लागते. कलम १७७ प्रमाणे तर प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत थकबाकी व खर्च भरून दागिने सोडवता येतात.

बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये हीच चौकट अधिक नेमकी केली. पालनाची अंतिम मुदत १ एप्रिल २०२६ होती. आधी कर्जदाराला किंवा त्याच्या वारसांना पुरेशी नोटीस द्यायची. त्यांचा पत्ताच लागत नसेल, तर जाहीर सूचना देऊन महिनाभर थांबायचे. लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यायची. त्यातले एक प्रादेशिक भाषेतले हवे. राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत उतरते. समजा, लिलावाच्या वेळी दागिन्यांचे मूल्य साडेचार लाख आहे. म्हणजे बोली ४,०५,००० च्या खाली सुरू होणार नाही. विक्री ४,२०,००० ला झाली आणि मुद्दल, व्याज, खर्च मिळून येणे ३,५०,००० असेल, तर ७०,००० रुपये कर्जदाराचे. लिलावाची पूर्ण रक्कम हाती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते परत करायचे असतात.

यावर कोणी म्हणेल, थकवणाऱ्याला एवढे संरक्षण कशाला? पण भाव पडून घट आली, तर करारानुसार ती कर्जदाराकडूनच वसूल होते. तोटा त्याच्या माथी असेल, तर उरलेला पैसाही त्याचाच असायला हवा. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: व्याज आणि दंड चढत गेले की उरत काहीच नाही. म्हणूनच लिलावाचा तपशील हातात पडला की आकारणीची प्रत्येक ओळ कराराशी ताडून पाहावी, आणि निव्वळ वजन व शुद्धता तारण ठेवतानाच्या मूल्यांकनाच्या दाखल्याशी. पतसंस्था किंवा परवानाधारक सावकाराला रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत. तिथे सात दिवसांची मुदत सांगून चालणार नाही. कलम १७६ मात्र तिथेही आहे, आणि उरलेल्या रकमेची लेखी मागणी करायला तेवढा आधार पुरतो.