आईंच्या बांगड्यांची साखळी



सासूबाई गेल्यावर त्यांच्या दोन बांगड्या उरल्या. त्या मोडून 20 ग्रॅम सोनं भरलं. मुलगा म्हणाला, "आई, कडंच कर." पण तो आळ्यातल्या आमच्या दुकानात दिवसभर पोती हलवतो. कडं काट्यावर, शटरवर आपटणार, मनगटाला टोचणार. शेवटी काढून कपाटात ठेवणार! म्हणून साखळी ठरली.

सराफाने 24 इंचांची दाखवली. छान दिसली, पण बारीक. तेवढ्याच सोन्यात लांबी वाढली की जाडी कमी होते. घरी मुलाच्या मानेला दोरा गुंडाळला, तर मान 17 इंच भरली. 20 इंचांचा दोरा बांधून पाहिला, तर वाकल्यावर कॉलरमध्ये अडकला. 22 इंचांचा गळ्याच्या हाडाखाली नीट बसला. तो दोरा दिवसभर घालून त्याने दुकानात काम केलं, तेव्हाच माप पक्कं केलं.

हिशेब सोपा आहे. 24 इंचांत इंचाला 0.83 ग्रॅम सोनं येतं, 22 इंचांत 0.91. त्याने जाडपणा थोडा वाढला.

त्याच वजनात दुप्पट जाड साखळीही दाखवली, पण ती पोकळ होती. ती चेपली की सरळ होत नाही. भरीवच घेतली. हॉलमार्क पाहिला. हुकाजवळची कडी सर्वांत आधी झिजते, ती दर दिवाळीला तपासायची.

साखळी गळ्यात घालून तो फोटोतल्या आजीला नमस्कार करून आला. मला एवढंच हवं होतं.