ओढ्याची पायरी वर सरकते तेव्हा

आज पिकाचं काही नाही, ओढ्याचं आहे. पण ज्यांच्या रानाला ओढा किंवा ओघळ लागून आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण हे रान खाणारं प्रकरण आहे.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. त्याच्या तळात आता एक पायरी पडलीय. वरून येणारं पाणी त्या जागी एकदम दोन मीटर खाली पडतं. पावसाळ्यात छोटा धबधबाच. पोरं फोटो काढायला जातात. मी गेल्या जूनमध्ये पायरीच्या काठापासून वरच्या बाजूला दर पाच मीटरवर काठावर खुंट्या ठोकल्या. ऑक्टोबरात टेप लावून बघितलं तर पायरी अकरा मीटर वर सरकली होती. त्यातले सात मीटर एकाच रात्रीच्या पावसात गेले. ओढा तिथं चार मीटर रुंद आहे. दोन मीटर उंच, चार रुंद, अकरा लांब, म्हणजे अठ्ठ्याऐंशी घनमीटर माती. आपल्या भाषेत साधारण एकतीस ब्रास. एवढी माती एका हंगामात खाली गेली, आणि ही फक्त तळाची. काठ ढासळले ते वेगळेच.

पायरीपासून गाडीवाटेची नळ्यांची मोरी साठ मीटरवर आहे. तिच्या वर तीस मीटरवर विहीर.

शाळेच्या भूगोलात धबधबा शिकवतात तेव्हा तो एका जागी उभा असल्यासारखं वाटतं. खरं तर धबधबा चालत असतो, आणि पाण्याच्या उलट्या दिशेनं चालतो. नदीच्या तळाचा उतार जिथं अचानक मोडतो त्या जागेला भूगर्भवाले निकपॉइंट म्हणतात. मोठा असला की धबधबा, छोटा असला की आमच्या ओढ्यातली पायरी. रीत दोन्हीकडं एकच.

आमच्याकडं ती कशी चालते ते सांगतो. वर काळी माती आहे, चिवट, मुळांनी बांधलेली. तिच्याखाली चुनखडीची पिवळी माती, जी ओली झाली की पिठासारखी सुटते. पाणी काठावरून पडतं, खाली डोह करतं, आणि डोहातलं घुसळलेलं पाणी पायथ्याची पिवळी माती खातं. वरची काळी अधांतरी राहते, कपार तयार होते. काठापासून हातभर मागं भेग पडते आणि एक दिवस गवतासकट अख्खं ढेकूळ खाली येतं. पुढचा पूर ते ढेकूळ वाहून नेतो, पायथा पुन्हा उघडा पडतो आणि तेच परत सुरू. वर चिवट आणि खाली भुसभुशीत असं असलं की पायरी उभी राहून मागं सरकते. सगळीकडं एकसारखा वाळूमुरूम असता तर ती पसरून नुसता तीव्र उतार झाली असती.

आता ही आली कुठून? पायरी सापडली तिथं कारण शोधायचं नाही. कारण खाली असतं. आमच्या ओढ्यात पायरीच्या खाली सुमारे दोनशे मीटरवर काही वर्षांपूर्वी मुरूम काढला गेला. पोकलेननं तळ मीटरभर खोल झाला. खड्ड्यात पाणी साठलं म्हणून सगळे खूश होते. पण वरच्या बाजूला तळ होता तिथंच राहिला आणि खड्ड्याच्या कडेला मीटरभराची पायरी तयार झाली. बाभळीच्या झाडोऱ्यातून ती सरकत आली म्हणून कुणाच्या नजरेत भरली नाही. शेजारचे आबा एवढंच म्हणायचे, "ओढा मागं चाललाय बाबा."

मीटरभराची पायरी दोन मीटरची कशी झाली, हा प्रश्न मला पडला होता. लेव्हलच्या पाइपानं उतार मोजला तेव्हा उलगडलं. वरच्या जुन्या तळाचा उतार शंभर मीटरला एक मीटर आहे. पायरीच्या खाली जो नवा तळ तयार झालाय त्याचा उतार शंभर मीटरला अर्धाच मीटर. म्हणजे पायरी शंभर मीटर वर आली की तिची उंची अर्ध्या मीटरनं वाढते. दोनशे मीटर आली, एक मीटर वाढली. हिशोब जुळतो. मोरीपर्यंत पोचेल तेव्हा ती दोन मीटर तीस सेंटिमीटर होईल. पुढं गेली की कमी होईल, या भरवशावर राहू नका. आधी दोन्ही उतार मोजा.

ती गेल्यावर मागं काय उरतं तेही बघण्यासारखं आहे. पायरीच्या खाली ओढ्याचे काठ उंच आणि उभे आहेत, मध्ये अरुंद नवं पात्र. ही छोटी घळईच. काठाला लागून पूर्वीच्या तळाचा एक पट्टा अजून शिल्लक आहे, त्यात ओढ्यातले गोटे सापडतात. बाजूची एक ओघळ पूर्वी सपाट येऊन मिळायची, ती आता वरून उडी मारते. म्हणजे तिच्यातही पायरी पडली आणि ती आता रानात शिरणार. शिवाय ओढ्याचा तळ खाली गेला की काठच्या जमिनीतलं पाणीही त्या खोलीकडं लवकर निथळतं. काठावरच्या विहिरींना याचा फटका बसतो.

हेच मोठ्या प्रमाणावर, पाषाणात बघायचं असेल तर निघोजला जा. पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या मधून कुकडी वाहते, तिथले रांजणखळगे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेत. तिथं माती नाही, काळा बेसॉल्ट आहे. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून खडकात रांजण कोरतात. दोन रांजणांमधली भिंत पातळ होत होत फुटते, रांजण एकमेकांना जोडले जातात आणि त्यातूनच खोल चर तयार होतो. त्या घळईच्या भिंती नीट बघा, अर्धे कापलेले रांजण दिसतील. आणि वरच्या कोरड्या सपाट खडकावरही खळगे आहेत. आज उन्हाळ्यात नदी त्यांच्या कितीतरी खाली वाहते. जुना तळ वर कोरडा पडलाय आणि नदी मधोमध चर कापून खाली गेलीय, ही त्याची खूण. आमच्या ओढ्याच्या काठावरचे गोटे जी गोष्ट सांगतात तीच. फरक वेळेचा आहे. माती एका रात्रीत सात मीटर जाते, बेसॉल्टमधली हालचाल माणसाच्या आयुष्यात दिसत नाही.

पायरी किती चालली याचा मोजून ठेवलेला हिशोब हवा असेल तर तो अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या नायगाराचा आहे. तिथंही वर कठीण डोलोमाइटचा थर आणि खाली मऊ शेल, म्हणजे आमच्या काळी-पिवळीचीच जोडी. बर्फयुग सरल्यावर, सुमारे 12,000 वर्षांपूर्वी, तो धबधबा सुरू झाला तेव्हा आजच्या जागेपासून जवळपास 11 किलोमीटर खाली होता. मधली सगळी घळई त्याच्या चालण्याची वाट आहे. सरासरी काढली तर वर्षाला एक मीटरच्या थोडी आत येते.

पण सरासरीवर थांबू नये. ती घळई सगळीकडं सारखी रुंद नाही. मधला काही भाग अरुंद आहे. एका काळात वरच्या मोठ्या सरोवरांचं पाणी दुसऱ्याच वाटेनं समुद्राला जात होतं आणि नायगाराला फक्त ईरी सरोवराचं पाणी उरलं होतं. पाणी कमी, म्हणून धबधबा अरुंद आणि चालही मंद. पाणी परत आलं तशी घळई पुन्हा रुंद झाली. म्हणजे घळईची लांबी सांगते पायरी किती चालली, आणि रुंदी सांगते त्या वेळी नदीला पाणी किती होतं. आज निम्म्याहून जास्त पाणी वीज तयार करायला वळवतात आणि धबधब्याची चाल वर्षाला फुटभरावर किंवा त्याहून कमी आलीय. चाल पाण्याच्या जोरावर असते, हे तिथं मोजून दिसलं.

आता आपलं. पायरी चालती आहे की थांबलेली, हे ओळखणं सोपं आहे. पायथ्याशी गवतासकट पडलेली ताजी ढेकळं, हवेत लोंबणारी मुळं, काठाला समांतर भेगा आणि आत गेलेली कपार दिसली तर ती चालती आहे. खडकाची पायरी काळपट, शेवाळलेली, गुळगुळीत असेल तर तिची काळजी नको.

चालत्या पायरीवर वरून दगड टाकून उपयोग होत नाही. पायथा खचतोय तोवर दगडही खाली जातात, किंवा पाणी दगडाच्या बाजूनं काठ फोडून नवी वाट करतं. आधी पायथा भरायचा. मी पायरीच्या खाली तीस मीटरवर एक मीटर उंचीचा अनगड दगडी बांध घातलाय. मधला भाग खोलगट ठेवला, म्हणजे पाणी मधूनच जाईल. दोन्ही टोकं काठात मीटरभर आत घेतली आणि बांधाच्या खाली दगडांचं अंथरूण केलं, नाहीतर बांधाचीच नवी पायरी होते. त्यामागं गाळ सपाट साठला तर पायरीच्या पायथ्याशी तो पंच्याऐंशी सेंटिमीटर चढेल, कारण तीस मीटरमध्ये तळ पंधरा सेंटिमीटर वर चढलेला आहे. मग पायरी उरेल सव्वा मीटरच्या आत. ती एकास तीन उतारानं तासून, खाली बारीक मुरूम-खडीचा थर देऊन वर मोठे दगड रचायचे आहेत. बारीक थर नसेल तर दगडांच्या फटीतून माती निघून जाते आणि दगड खाली बसतात.

एक मर्यादा सांगतो. अनगड दगड छोट्या ओढ्या-ओघळींना चालतात. ज्याला मोठं पाणलोट आहे त्या ओढ्यात जाळीतलं गॅबियनचं काम लागतं, आणि पुराचं पाणी किती येईल याचा हिशोब जलसंधारणाच्या जाणत्या माणसाकडून करून घ्या.

आणि खाली कुणी ओढा खोल करत असेल तर खोदकामाच्या वरच्या टोकाला तळ कसा सोडणार ते आधी विचारा. उभा कडा सोडून मशीन निघून गेलं की त्याचा जाब पुढं वरच्या रानवाल्याला द्यावा लागतो.

तुमच्याकडं अशी पायरी असेल तर आज चार खुंट्या ठोका आणि पावसाळ्यानंतर मोजून आकडा खाली लिहा. माती कोणती आणि ओढा किती रुंद, तेही टाका.