भिशीची बेरीज शून्य

भिशीचा हिशेब म्हटला तर चौथीतल्या मुलालाही जमावा. दहा घरं, महिन्याला प्रत्येकी 2,000 रुपये, आणि जमलेले 20,000 ज्या घराची चिठ्ठी निघेल त्या घराला. दहा महिन्यांत प्रत्येकाची एकेक पाळी. व्याज नाही, नफा नाही. पाच तारखेच्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पोह्यांच्या बशा फिरतात, स्टीलच्या वाटीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या हलवल्या जातात, आणि सगळ्यांत धाकट्या पोराला डोळे मिटायला लावून एक उचलायला सांगतात.

इतकं सरळ असूनही तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून वहीत खाडाखोड सुरू होते. कुणी पाचाऐवजी अकराला देतं. कुणी अर्धे आज देतं, अर्धे पगार झाल्यावर. कुणाचे पैसे यूपीआयवर येतात ते नवऱ्याच्या नावानं, आणि भिशीत नाव असतं बायकोचं. मग वही सांभाळणाऱ्या वहिनींना कुणीतरी म्हणतंच, ‘अहो वहिनी, हे सगळं एक्सेलमध्ये टाका ना!’

टाकायचं ते कशात, हा खरा प्रश्न. फुकटात मिळणारी साधनं पुष्कळ आहेत आणि बेरीज सगळ्यांनाच येते. लिब्रेऑफिसचं कॅल्क मला स्वतःला आवडतं. खातं उघडायला नको, इंटरनेट नको, फाइल आपल्या संगणकावर. पण फाइल एकाच संगणकावर राहिली म्हणजे वही पुन्हा एकाच कपाटात गेली. बाकी नऊ घरांना बघायची तर दर महिन्याला पाठवत बसा, आणि मग कुणाच्या फोनमध्ये ऑगस्टची, कुणाच्या सप्टेंबरची. एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट चालतं, फक्त त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचं खातं आधीच असतं, म्हणून भिशीपुरती माझी पसंती गूगल शीट्सला. एक फाइल, एक लिंक. वहिनी आणि आणखी एक जण Editor, बाकी सगळे Viewer. लिहिण्याचा अधिकार दोघांहून जास्त जणांना देऊ नये. कुणाचा तरी अंगठा चुकून लागतो आणि दोन हजाराचे दोनशे होतात.

तयार नमुने म्हणजे टेम्प्लेट बघायला गेलं, की Monthly budget समोर येतं आणि माणूस तेच उचलतो. ते भिशीला निरुपयोगी आहे. त्याला उत्पन्न आणि खर्च कळतो. भिशीत दोन्ही नसतात, पैसा फक्त एका घरातून दुसऱ्या घरात मुक्कामाला जातो. त्यापेक्षा शाळेसाठी केलेला हजेरीचा नमुना जवळचा, डावीकडे नावं आणि वर महिने. दहा गुणिले दहाचा चौकोन दिसायला फार सुरेख. पण त्यातही अडचण आहेच. एका चौकटीत ‘दिले’ एवढंच मावतं. कधी, किती, रोख की यूपीआय, हे कुठं लिहायचं?

म्हणून नमुन्याचा फक्त तोंडवळा घ्यावा आणि आतली मांडणी आपली करावी. ‘जमा’ नावाच्या पानावर प्रत्येक वेळी आलेल्या पैशाची एक ओळ: तारीख, महिना, घर, रक्कम, कसे. अर्धे-अर्धे आले तर दोन ओळी. ‘दिले’ नावाच्या पानावर महिना, घर, रक्कम. तिसऱ्या पानावर दहा घरांची यादी, आणि प्रत्येकापुढे हे एकच सूत्र:

```
=SUMIFS('जमा'!D:D,'जमा'!C:C,A2)-SUMIFS('दिले'!C:C,'दिले'!B:B,A2)
```

म्हणजे त्या घरानं दिलेले वजा त्या घरानं उचललेले. आता जूनमध्ये सुरू झालेली भिशी सप्टेंबरच्या शेवटी बघा. चार महिने झाले, प्रत्येकाचे 8,000 भरून झाले. ज्या चार घरांना भिशी लागली त्यांच्यापुढे उणे 12,000 दिसतात, उरलेल्या सहांपुढे अधिक 8,000. चार बारा अठ्ठेचाळीस, सहा आठं अठ्ठेचाळीस. रकान्याची बेरीज शून्य.

हे शून्य मला या साऱ्या खटाटोपातलं सर्वांत देखणं वाटतं. भिशी दिल्यावर ते दर महिन्याला यायलाच हवं. ऑक्टोबरमध्ये समजा एका घराचे पैसे आले नाहीत, तरी चिठ्ठी निघालेल्या घराला पूर्ण 20,000 मिळाले. तर शून्याच्या जागी उणे 2,000 दिसतील. हे दोन हजार आकाशातून पडलेले नसतात, वहिनींनी स्वतःच्या पर्समधून घातलेले असतात. वहीत अशी रक्कम कुठंच दिसत नाही, आणि मार्चपर्यंत वहिनी ती विसरूनही जातात. इथं उणे आकड्यांना लाल रंग लावून ठेवला, की ती लाल होऊन समोर उभी राहते.

पण शून्य येत नाही आणि पैसे तर सगळ्यांचे आलेत, असं झालं तर? तर बहुधा आपल्या लिहिण्याच्या सवयी आड आलेल्या असतात. चेकवर लिहितो तसं कुणी ‘2000/-’ लिहितं. शीटच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे, आणि मजकूर बेरजेत धरला जात नाही. ओळखायची खूण सोपी: आकडा चौकटीच्या उजव्या कडेला बसतो, मजकूर डाव्या. तारखांचंही तसंच. फाइलची Locale अमेरिकेची राहिली असेल तर 5/6 म्हणजे पाच जून न होता सहा मे होतो, आणि 13/6 डावीकडे सरकून मजकूर बनतो. File मधल्या Settings मध्ये जाऊन India करायचं. आणि नावं हातानं टाइप करू नयेत. ‘देशपांडे’पुढे एक मोकळी जागा जास्त पडली, तरी शीटला ते वेगळंच घर वाटतं. जोशी दोन असले तर विचारूच नका. घरनंबराची ड्रॉपडाउन यादी करून टाकावी.

एका गोष्टीवर मात्र वहिनींशी माझं अजून एकमत नाही. ते उणे-अधिकचं पान सगळ्यांनी बघावं का? जूनमध्ये भिशी लागलेल्या घराचे उणे 12,000 ही काही थकबाकी नव्हे, तो खेळाचा नियमच आहे. पण आजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नातवाला विचारलं, ‘हे लाल का रे? आपण कुणाचं देणं लागतो का?’ तेव्हा नियम समजावत बसावं लागतं. वहिनी म्हणतात, पान लपवून टाकू. लपवलेलं पान लपत नाही. फाइलची प्रत करता आली की ते उघडता येतं. झाकायचंच असेल तर वेगळी फाइल हवी. माझं म्हणणं, लाल रंग फक्त त्या महिन्याचा हप्ता न आलेल्या चौकटीला ठेवावा, आणि बाकीचे उणे आकडे काळेच राहू द्यावेत.

रोखीच्या पैशाची सही मात्र अजून वहीतच होते. शीटमध्ये ‘रोख’ असं कुणीही लिहील, देणाऱ्याची खूण त्यात नसते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक ओळीत टाकला की काम भागतं, रोखीला तशी सोय नाही.

मार्चमध्ये दहावी चिठ्ठी वाटीत एकटीच उरते. नव्या फेरीसाठी Make a copy करून ‘जमा’ आणि ‘दिले’मधल्या ओळी पुसाव्यात, सूत्रांना हात लावू नये. जुनी फाइल आहे तशी राहू द्यावी, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी विचारतंच, मागच्या खेपेला ऐन दिवाळीची भिशी कुणाला लागली होती म्हणून.