खोडदच्या नावाचा माग

मंचरच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना संगणकजालाचे थर शिकविताना मी उदाहरणादाखल `www.gmrt.ncra.tifr.res.in` हेच नाव घेतो. कारण जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेल्या असतात, आणि नाव उजवीकडून डावीकडे वाचले की `in` पासून `gmrt` पर्यंत नामकरणाचा अधिकार कसा सोपवीत नेला आहे, तेही ध्यानी येते.

त्या नावाचा आयपी पत्ता डीएनएसला विचारावा लागतो. आमच्या संगणकाचा पत्ता 192.168.1.23, राउटरचा 192.168.1.1, मुखवटा 255.255.255.0, आणि डीएनएस सेवक 8.8.8.8 असा बाहेरचा. मुखवटा लावून पाहताच तो सेवक आपल्या हद्दीत नाही, म्हणजे पृच्छा राउटरकरवीच धाडावी लागेल, असे संगणकास कळते. म्हणून संगणक नुकताच सुरू केला असेल, तर वायरशार्कच्या पडद्यावर नावाच्या पृच्छेआधी निराळीच पृच्छा उमटते:

```
Who has 192.168.1.1? Tell 192.168.1.23
```

राउटर आपला मॅक पत्ता कळवितो, आणि मगच 53 क्रमांकाच्या पोर्टकडे नावाची पृच्छा निघते. उत्तरादाखल आयपी पत्ता आला की 443 या पोर्टकडे जोडणीची विनंती जाते. आमच्या बाजूस, समजा, 51514 हे तात्पुरते पोर्ट असते, ज्यायोगे परतलेले उत्तर नेमक्या त्याच कार्यक्रमाच्या स्वाधीन होते. प्रयोगशाळेचा खाजगी पत्ता बाहेर चालत नसल्याने राउटर तो बदलतो आणि त्याची नोंद या पोर्टांच्याच आधारे ठेवतो.

मात्र विद्यार्थ्याने निरखून पाहावे ते असे, की नावाची पृच्छा व जोडणीची विनंती या दोन्हींच्या चौकटींवर गंतव्य म्हणून मॅक पत्ता राउटरचाच असतो. त्या दूरच्या सेवकाचा मॅक पत्ता आमच्या संगणकास कधीच कळत नाही. जुन्या डाकेत लखोट्यावरील नाव तेच राहून प्रत्येक चौकीवर जासूद तेवढा बदलावा, तसे गंतव्याचा आयपी पत्ता टिकतो आणि मॅक पत्त्यांची जोडी प्रत्येक टप्प्यावर नवी होते.

हे न उमगल्यास दोषाचा शोध हमखास चुकतो. राउटरचा पत्ता 192.168.1.1 ऐवजी 192.168.1.254 असा भरला गेला, आणि त्या पत्त्याचे यंत्रच अस्तित्वात नसले, तर त्याच्या मॅक पत्त्याची पृच्छा पुनःपुन्हा उमटते व अनुत्तरित राहते. डीएनएसची पृच्छा तारेवर उतरतच नाही, आणि ब्राउझर मात्र नाव सापडले नाही अशी तक्रार करतो. दोष खालच्या थरात, बोभाटा वरच्या थरात, असा हा प्रकार आहे, आणि त्यापायी पुष्कळ विद्यार्थी डीएनएसचीच मांडणी उलटीपालटी करीत बसतात.

तेव्हा अशी तक्रार आली की प्रथम `arp -a` ही आज्ञा देऊन राउटरच्या पत्त्यासमोर मॅक पत्ता आहे की नाही ते पाहावे. तो नसेल, तर डीएनएसला हात लावू नये.