काही सुचवू, की फक्त ऐकू?

"ऐक ना, वेळ आहे का तुला?" असा मेसेज आला की पुढे काय येणार याचा अंदाज आपल्याला असतो. ऑफिसमधलं काहीतरी, घरचं काहीतरी, नाहीतर नात्यातलं काहीतरी. अंदाज येत नाही तो एकाच गोष्टीचा, की समोरच्याला आपल्याकडून नेमकं काय हवंय. उपाय? धीर? की नुसता एक कान?

तिन्ही गोष्टी मागणारी माणसं सुरुवातीला अगदी सारखंच बोलतात. म्हणूनच घोटाळा होतो. धीर हवा असणाऱ्याला आपण उपाय सांगतो आणि उपाय हवा असणाऱ्याला "होईल गं सगळं नीट" म्हणून वाटेला लावतो.

मी नोकरीसाठी चेन्नईत आले, तेव्हा तमिळमधला एक शब्द सगळ्यात आधी कानावर बसला. 'सुम्मा'. म्हणजे उगाच, सहज, काही कारण नसताना. मैत्रीण दहा मिनिटं तावातावानं काहीतरी सांगते आणि मग म्हणते, "सुम्मा सोन्नेन." सहज सांगितलं गं. या शब्दानं मोठी सोय होते. तिला उत्तर नकोय, तिला ते फक्त मनातून बाहेर काढायचं होतं, हे ती स्वतःच सांगून टाकते. आपण मराठीत यालाच मन मोकळं करणं म्हणतो. पण मन मोकळं करणारी व्यक्ती दर वेळी तसं सांगतेच असं नाही. ते आपल्याला ओळखावं लागतं.

नुसतं ऐकणं हेही एक काम आहे, हे कळायला या शहरातलंच एक उदाहरण आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत 'स्नेहा' ही आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. तिथे फोनवर बोलणारे लोक स्वयंसेवक असतात. आयुष्य कसं जगावं हे फोन करणाऱ्याला सांगणं हे त्यांचं काम नसतं. त्याचं म्हणणं त्याच्या गतीनं ऐकून घेणं, हे असतं.

या पद्धतीचं मूळ लंडनमध्ये आहे. चॅड वराह नावाच्या एका धर्मगुरूंनी १९५३ मध्ये निराश झालेल्या लोकांसाठी फोनसेवा सुरू केली. लोक त्यांना भेटायला चर्चमध्येही येऊ लागले. गर्दी वाढली, तेव्हा थांबलेल्या लोकांना चहा द्यायला, त्यांच्यासोबत बसायला काही स्वयंसेवक येत. वराह यांच्या लक्षात आलं की बरेच जण या चहा देणाऱ्यांशी बोलूनच हलके होतात आणि त्यांना न भेटताच घरी जातात. काही महिन्यांतच, १९५४ च्या फेब्रुवारीत, त्यांनी लोकांचं ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांवरच सोपवलं.

आपण काही हेल्पलाइनवर बसलेलो नसतो. मैत्रीत सल्लाही लागतो, कधी मदतीला धावूनही जावं लागतं. म्हणून आधी ओळखायचं आणि मग विचारायचं.

ओळखण्यासाठी मी तीन गोष्टींकडे लक्ष देते. पहिली, बोलणं कुठल्या काळात चाललंय. "मग तो असं म्हणाला, मग मी तसं म्हटलं, मग सगळे हसले" असं सगळं भूतकाळात आणि बारीकसारीक तपशिलांसह चाललं असेल, तर ती व्यक्ती तो प्रसंग पुन्हा एकदा कुणासमोर तरी मांडतेय. तिला साक्षीदार हवाय. "उद्या मीटिंग आहे, तिथे मी हे काढू का नको?" असं बोलणं पुढच्या दिवसाकडे वळलं, की सल्ल्याला जागा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न खरा आहे का. "काय करू सांग" आणि "काय करू गं मी!" यांत शब्द जवळपास तेच आहेत. पहिल्यात प्रश्न आहे, दुसऱ्यात फक्त हतबलता. "माझंच चुकलं का?" हाही प्रश्नासारखा दिसतो. पण बहुतेक वेळा त्याला चूक कुणाची याचा निवाडा नको असतो. आधार हवा असतो.

तिसरी खूण आपण सल्ला देऊन बसल्यावर दिसते. आपण म्हणतो, "मॅनेजरशी बोल ना." उत्तर येतं, "हो, पण तो ऐकत नाही." "मग एचआरकडे जा." "हो, पण ते त्याचेच मित्र." एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञानं १९६४ च्या आपल्या पुस्तकात या 'तू असं का करत नाहीस – हो, पण'च्या चक्राला चक्क एक खेळ म्हटलं होतं. माझा नियम साधा आहे. दुसरा 'हो, पण' आला की तिसरा उपाय काढायचा नाही. समोरची व्यक्ती हट्टी आहे असा त्याचा अर्थ नसतो. तिचं सांगून अजून संपलेलं नाही, एवढाच असतो.

एवढं करूनही अंदाज चुकू शकतो, म्हणून विचारणं बरं. पण विचारण्याची एक वेळ असते. पहिल्याच वाक्यानंतर "तुला सल्ला हवाय, धीर हवाय की फक्त ऐकू?" असं विचारलं, तर बँकेच्या काउंटरवर उभं असल्यासारखं वाटतं. पहिला जोर ओसरू द्यावा. ती श्वास घ्यायला थांबली की आपल्या रोजच्या भाषेत विचारावं: "मी काही सुचवू, की आधी सगळं ऐकू?" मेसेजवर बोलणं चाललं असेल तर हे विचारणं आणखी गरजेचं, कारण तिथे आवाज ऐकू येत नाही.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात तिन्ही गोष्टी एकामागून एक आल्या. माझ्या एका मैत्रिणीनं तीन वर्षं राहिलेलं घर सोडलं. चेन्नईत भाड्याच्या घरासाठी मोठा 'अ‍ॅडव्हान्स' घ्यायची पद्धत आहे. तिनं दहा महिन्यांचं भाडं, म्हणजे दीड लाख रुपये दिले होते. सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं जाणार, हे तिला माहीत होतं. मालकीणबाईंनी चाळीस हजार कापू असं सांगितलं. रात्री दहाला तिचा फोन आला.

ऐकताना माझ्या डोक्यात यादी तयार होत होती. करार बघ, फोटो काढ, बिल माग. पण ती पैशांबद्दल फार कमी बोलत होती. पोंगलला त्या बाई वरून डबा कसा पाठवायच्या, ही आजारी असताना त्यांनी रसम कसं आणून दिलं होतं आणि आज त्याच जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही मुलींनी घराची पार वाट लावली." हेच वाक्य तिनं तीनदा सांगितलं.

ती थांबली तेव्हा मी विचारलं, "पैशांचं काय करायचं ते आत्ता बघूया, की आधी हे सगळं बोलायचंय?"

ती म्हणाली, "पैशांचं उद्या. मला त्यांनी तसं बोलायला नको होतं."

मग मी तेवढंच म्हटलं, की तीन वर्षं घरच्यासारखं वागून शेवटच्या दिवशी असं ऐकावं लागलं, हे लागणारच. "जाऊ दे, लोक असेच असतात" असं म्हटलं असतं, तर तिचं दुःख लहान झालं असतं. धीर देणं म्हणजे दुःखाला त्याच्या खऱ्या आकाराचं नाव देणं. ती थोडी रडली, मग हसली, मग झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच मेसेज आला: 'आता सांग, काय करू?' प्रश्न खरा होता. मग आम्ही करारातली रंगकामाची ओळ वाचली. तिनं रिकाम्या घराचे फोटो काढले आणि चाळीस हजारांचा हिशोब लेखी मागणारा छोटासा, नम्र मेसेज लिहिला. मेसेज तिनंच लिहिला, मी फक्त वाचून पाहिला. शेवटी पंचवीस हजार कापले गेले. रंगकामाच्या एका महिन्यापेक्षा जास्तच, पण तिला तेवढं पटलं.

हाच सल्ला आदल्या रात्री दिला असता तरी तो बरोबरच होता. त्या रात्री तो तिच्यापर्यंत पोचला नसता, इतकंच.

ऐकण्यालाही मर्यादा आहेत. अमांडा रोझ या अमेरिकी संशोधक स्त्रीनं २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करून दाखवलं, की तीच ती अडचण पुन्हा पुन्हा चघळत बसणाऱ्यांची मैत्री घट्ट होते, पण त्यांच्यात निराशा आणि चिंताही जास्त दिसते. म्हणून तीच गोष्ट चौथ्यांदा त्याच शब्दांत आली, नवीन काहीच नसलं, तर मी हळूच विचारते, "यातलं आपल्या हातात काय आहे, ते बघूया का?" ती नको म्हणाली तर थांबते. पण प्रश्न विचारलेला असतो.

आपल्यातच ताकद नसेल तर तेही सांगावं. "आत्ता वीस मिनिटं आहेत, रात्री निवांत बोलू" हे मोबाइल चाळत हुंकार भरण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि एक वेळ अशी असते जेव्हा 'काय हवंय' हे विचारत बसायचं नसतं. कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर सरळ आणि शांतपणे विचारावं, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नये, घरच्या कुणाला तरी सोबत घ्यावं आणि सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. हा फोन मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

हे सगळं ऐकणाऱ्याच्या बाजूनं झालं. बोलणाऱ्यालाही थोडी मदत करता येते. हल्ली मी आईला फोन केला की आधीच सांगते, "आई, आज फक्त ऐक हं, उपाय नको." ती म्हणते, "बरं, बोल." मग खरंच मध्ये काही बोलत नाही. माझं सांगून संपलं की ती एकच प्रश्न विचारते, "जेवलीस का?"