३ आणि ६ यांची गाठ पडणार का? क्विकसॉर्टचा एक हिशेब

क्विकसॉर्ट शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, पिव्होट चिठ्ठी टाकून निवडायचा, म्हणजे वेळ नशिबावरच ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मी अख्ख्या गठ्ठ्याकडे बघत नाही, दोनच पेपर धरते.

समजा, १ ते ८ रोल नंबरचे पेपर विस्कटलेत. चिठ्ठी टाकून एक पेपर निवडायचा, तो पिव्होट. बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे. लहान नंबर डावीकडे, मोठे उजवीकडे. मग प्रत्येक गठ्ठ्यात पुन्हा तेच. तुलना होते ती फक्त पिव्होटशी आणि पिव्होट लगेच आपल्या जागी बसतो. म्हणून कुठल्याही दोन पेपरांची तुलना फार तर एकदाच होते.

आता ३ आणि ६ घ्या. चिठ्ठीत १, २, ७ किंवा ८ आला, तर दोघे एकाच गठ्ठ्यात राहतात, निकाल पुढे ढकलला जातो. ४ किंवा ५ आला, तर ३ डावीकडे, ६ उजवीकडे. कायमची ताटातूट! ३ किंवा ६ स्वतःच आला, तरच तुलना. म्हणजे ३, ४, ५, ६ या चौघांत आधी कोण निघतो, एवढंच महत्त्वाचं. चौघांना समान संधी, त्यातले दोन अनुकूल. संभाव्यता २/४.

मुलांना इथे गंमत वाटते. ४ आणि ५ यांच्यामध्ये कुणीच नाही, त्यांची तुलना होणारच. १ आणि ८ यांची मात्र २/८.

आता बेरीज. शेजारच्या ७ जोड्या, प्रत्येकी १. एक सोडून असलेल्या ६ जोड्या, प्रत्येकी २/३. मग ५ जोड्या २/४, ४ जोड्या २/५, ३ जोड्या २/६, २ जोड्या २/७ आणि शेवटची एक २/८. एकूण सुमारे १६.९. सगळ्या जोड्या २८ आहेत. जोड्या एकमेकींवर अवलंबून असल्या तरी सरासरींची बेरीज बरोबरच येते, तिला स्वतंत्रतेची अट नाही.

पेपर वाढले की फरक डोळ्यांत भरतो. १००० पेपरांच्या ४,९९,५०० जोड्या, पण अपेक्षित तुलना सुमारे १०,९८६. कारण एका पेपरच्या वाट्याला २/२ + २/३ + २/४ अशी बेरीज येते आणि ती लॉगरिदमच्या संथ चालीने वाढते. म्हणून एकूण काम `n log n` च्या प्रमाणात.

मग नशिबाचं काय? आठ पेपरांना २८ तुलना लागणं शक्य आहेच. पण नेहमी वरचाच पेपर पिव्होट धरला, तर आधीच क्रमात लावलेल्या गठ्ठ्याला दर वेळी २८ लागतात. चिठ्ठी टाकली की कुठलाही गठ्ठा असा 'वाईट' उरत नाही, सरासरी सगळ्यांना तीच.

एक अट मात्र सांगायलाच हवी : नंबर वेगवेगळे हवेत. सगळे गुण सारखे असतील आणि 'समान' सगळे एकाच बाजूला टाकले, तर मध्ये येऊन ताटातूट करणारा कुणी नसतो. मग चिठ्ठी टाकूनही २८ च.